गादीखालची फाइल: एक खोली, दोन माणसं, पाच मिनिटं

दुसऱ्या वर्षाची शॉर्ट फिल्मची असाइनमेंट होती. एकच लोकेशन, दोनच कलाकार, टायटलसकट पाच मिनिटं. आमचा चौघांचा गट होता आणि लिहिण्याचं काम माझ्याकडे आलं. गोष्ट पहिल्याच दिवशी सुचली. दोन बहिणी, एक खोली. मोठी नोकरीसाठी दुसऱ्या शहरात निघाली आहे. गाडी यायला वीस मिनिटं आहेत आणि तिची सर्टिफिकेटांची फाइल सापडत नाहीये. ती धाकटीनेच लपवली आहे. गोष्ट बरी होती, फक्त मी ती उलटी बांधली होती.

पहिल्या ड्राफ्टमध्ये शोधाशोध, चिडचिड, जुनी भांडणं असं सगळं चार मिनिटं चालायचं. शेवटच्या अर्ध्या मिनिटात फाइल धाकटीच्या गादीखालून निघायची आणि बघणारा चमकायचा, असा माझा हिशोब होता. सरांनी वर्गात वाचून घेतलं आणि एवढंच विचारलं, "पहिली चार मिनिटं मी काय बघत बसू?" उत्तर नव्हतं. वाचताना मलाही जाणवलं होतं, की एक मुलगी कपाट उपसते आहे आणि दुसरी पलंगावर बसून उत्तरं देते आहे, याच्यापलीकडे तिथे काही घडतच नाही. धक्का देण्यासाठी मी प्रेक्षकाला अंधारात ठेवलं होतं, आणि अंधारात बसलेल्या माणसाला कंटाळा येतो.

दुसऱ्या ड्राफ्टमध्ये एकच गोष्ट हलवली. फाइल कुठे आहे हे प्रेक्षकाला पन्नासाव्या सेकंदालाच दाखवलं. गादीच्या कडेतून निळ्या फाइलचा कोपरा बाहेर आलेला दिसतो आणि धाकटी तो टाचेने हळूच आत ढकलते. तीन सेकंदांचा इन्सर्ट. त्यानंतर संवाद जवळपास तेच राहिले, पण प्रत्येकाचा अर्थ बदलला. "फाइल बघितलीस का माझी?" "नाही गं ताई." पहिल्या ड्राफ्टमध्ये हे नुसतं प्रश्नोत्तर होतं. आता ते खोटं आहे हे आपल्याला माहीत आहे, त्यामुळे आपण धाकटीचा चेहरा बघतो. ताई पलंगाकडे एक पाऊल आली तरी आपण सावरून बसतो.

याचा अर्थ सगळंच आधी सांगून टाकायचं असा नाही. आमच्या गोष्टीत दोन गुपितं होती: फाइल कुठे आहे आणि ती का लपवली. पहिलं लवकर दिलं, दुसरं कधीच तोंडाने सांगितलं नाही. माझ्या वहीत धाकटीचं एक वाक्य होतं, "तू गेलीस की मी या खोलीत एकटी काय करू?" मला ते फार आवडायचं. तालमीत ते म्हटलं गेलं की समोरचा सीन तिथेच विझायचा, कारण बघणाऱ्याने स्वतःच जे ओळखलं होतं ते आम्ही पुन्हा त्याच्या हातात ठेवत होतो. शेवटी काढलं.

आता वेळेचं. पाच मिनिटं म्हणजे ३०० सेकंद. आमचं सुरुवातीचं टायटल ८ सेकंदांचं आणि शेवटची नावं २२ सेकंदांची. म्हणजे गोष्टीला उरले २७०. स्क्रिप्टचं एक पान म्हणजे साधारण एक मिनिट असं म्हणतात, पण छोट्या फिल्मला या हिशोबावर विसंबू नका. 'ती कपाट उपसते' ही अर्धी ओळ कागदावर दोन सेकंदांत वाचून होते. प्रत्यक्षात आमच्या कलाकाराला त्याला २० सेकंद लागले, आणि ते लागायलाच हवे होते. म्हणून नुसतं वाचन करून वेळ मोजू नका. दोघांना उभं करा, कपाट उघडायला लावा, खण ओढायला लावा आणि मोबाइलवर स्टॉपवॉच लावून बसा. आमचा दुसरा ड्राफ्ट वाचून पाच मिनिटांचा होता, करून बघितल्यावर साडेसात मिनिटांचा झाला. जुन्या भांडणाचा अख्खा प्रसंग तेव्हा गेला. त्याची गरज नव्हतीच, फक्त तो आम्हाला पाठ झाला होता.

एका खोलीची अडचण अशी, की पात्रं हलायला कारणच उरत नाही. मग दिग्दर्शक त्यांना उगाच खिडकीपाशी नेतो, पाणी प्यायला लावतो. आमच्याकडे हा प्रश्न फाइलनेच सोडवला. धाकटी फाइलवर बसली आहे, म्हणजे तिला पलंगावरून उठताच येत नाही. ताईला सगळ्या खोलीत फिरावंच लागतं. एक खिळलेली, एक भिरभिरणारी. हे ब्लॉकिंग आम्ही शोधलं नाही, ते गोष्टीतूनच आलं. मी त्यावेळी जमिनीवर खडूने पलंग, कपाट, टेबल, दार आखलं आणि पेपरवर वेळेनुसार ताईची जागा लिहीत गेलो. एक मिनिटापर्यंत ती दाराजवळ बॅगेपाशी, मग कपाट, मग टेबल. दर वेळी पलंगाच्या थोडी जवळ. दोन मिनिटं होतात तेव्हा खोलीत बघायची एकच जागा उरते.

इथे सोपा रस्ता म्हणजे ताईने गादी उचलणं. आम्ही ती तालीमही केली. वाईट दिसत नव्हती, पण त्यात धाकटी नुसती पकडली जाते, स्वतः काहीच ठरवत नाही. आमच्या एडिटरने सुचवलं की ताईला पलंगावर बसवा. ती थकते आणि धाकटीच्या शेजारी येऊन बसते. आता दोघीही फाइलवर बसल्या आहेत. ताई म्हणते, "माझाच वेंधळेपणा. मीच कुठेतरी विसरले." मग कपाटाची किल्ली काढून तिच्या हातात देते: "माझा कप्पा आता तुझा." बाहेर गाडीचा हॉर्न वाजतो. ताई फोन हातात घेते. "जाऊ दे, कळवते त्यांना. नाही जात."

हे साधारण ३:१० ला येतं आणि फिल्मचं वळण म्हणजे हेच. धाकटीला जे हवं होतं ते तिला न मागता मिळालं आहे. तिने आता फक्त गप्प बसायचं आहे. आणि ती उठते.

एवढंच. तीन मिनिटं जी मुलगी पलंगावरून हलली नाही, ती उभी राहते. संवाद नाही. गादी तिच्या वजनाखालून थोडी वर येते, फाइलचा कोपरा दिसतो, ताईची नजर तिथे जाते. हे जमलं कारण आधीची तीन मिनिटं आम्ही तिला एकदाही उठू दिलं नव्हतं. तालमीत कलाकार सवयीने मध्येच उठायची, एकदा पुस्तक ठेवायला, एकदा पडदा सारायला. ते आम्ही कटाक्षाने थांबवलं. पाच मिनिटांत एकच वळण मावतं असा माझा अनुभव आहे. आमच्या वर्गातल्या एका गटाने तीन घेतली होती आणि तिसरं येईपर्यंत पहिलं कुणाला आठवत नव्हतं.

वळणानंतर किती थांबायचं यावर आमचं भांडण झालं. मला लगेच कट करायचा होता. पण ३:१० ते ४:३० हा वेळ हातात होता आणि ताईने काय केलं हे बघायला लोक थांबणारच. ताई रागावली तर फिल्म भांडणात संपते, मिठी मारली तर खोटी वाटते. दोन्ही करून बघितलं. शेवटी ठेवलं ते असं: ती फाइल घेते, बॅगेत घालते. बॅगेची चेन लागत नाही. ती दोनदा जोर लावते. मग धाकटी येऊन बॅगेवर बसते आणि ताई चेन ओढते. सुरुवातीला थांबवण्यासाठी बसलेली मुलगी आता जाऊ देण्यासाठी बसते. चेनचा आवाज आणि काळा पडदा.

शूटिंगबद्दल फार लिहीत नाही, पण बांधणीशी संबंध असलेल्या दोन चुका सांगतो. पहिली नजरेच्या दिशेची. दोन माणसांमधून एक काल्पनिक रेष जाते आणि कॅमेरा तिच्या एकाच बाजूला ठेवायचा असतो, हे सगळ्यांना शिकवलेलं असतं. पण आमची ताई फिरत होती, म्हणजे रेषही तिच्याबरोबर फिरत होती, हे सेटवर कुणाच्या लक्षात आलं नाही. एडिटला बसल्यावर दिसलं, की ती टेबलापाशी असताना दोघीही डावीकडेच बघताहेत. एकमेकींशी बोलण्याऐवजी भिंतीशी बोलल्यासारख्या. नशिबाने बॅगेचा एक सुटा शॉट घेतला होता, तो मध्ये टाकून निभावलं. ताईची जागा बदलताना तिला चालताना दाखवणारा शॉट घेतला असता तर नवी दिशा प्रेक्षकाला आपोआप कळली असती. तुम्ही खडूने आखणी करालच, त्याच कागदावर प्रत्येक जागेसाठी कॅमेऱ्याची बाजूही लिहून ठेवा.

दुसरी चूक क्रमाची. आम्ही स्क्रिप्टप्रमाणे सुरुवातीपासून शूट करत गेलो. एकच खोली, कुठे जायचंय, असं वाटलं. उठण्याचा शॉट घ्यायची वेळ आली तेव्हा खिडकीतला उजेड उतरला होता आणि आधीच्या शॉटशी रंग जुळेना. रिशूटला आम्ही कॅमेऱ्याचं तोंड ज्या बाजूला आहे त्याप्रमाणे शॉट गटात लावले. खिडकीकडे तोंड असलेले सगळे आधी उरकले, त्यातही पहिला उठण्याचा. कपाटाकडचे, दिव्यावर चालणारे, शेवटी. कलाकारांना मात्र हे जड जातं, कारण सकाळी नऊ वाजता फिल्मचा सगळ्यात कठीण क्षण करायचा असतो. म्हणून आदल्या दिवशी क्रमाने, न थांबता, पूर्ण तालीम तीनदा केली.

रफ कट झाल्यावर आवाज बंद करून तो शेजारच्या वर्गातल्या एका मुलाला दाखवला आणि काय कळलं ते विचारलं. "ही त्या गादीखाली काहीतरी लपवून बसलीय, तिला ते द्यायचं नाहीये, मग देते," तो म्हणाला. कपाटाची किल्ली मात्र त्याला कळली नव्हती. त्याला वाटलं ताई पैसे देतेय. हात फार लांबून दिसत होता. तो क्लोजअप आम्ही दुसऱ्या दिवशी मोबाइलवर काढला, खोली तर हाताशीच होती.

फायनल ४ मिनिटं ५६ सेकंदांची झाली.