दशमांश बघताना या चुका टाळा (निदान मला स्क्रीनशॉट पाठवण्याआधी तरी)

हल्ली कोणीही ॲपमधला D10 चा, म्हणजे दशमांश कुंडलीचा, स्क्रीनशॉट पाठवतो आणि विचारतो, दशमात शनी आलाय, माझं करिअर संपलं का? अरे पण मूळ कुंडली कुठाय? दशमांश ही काही स्वतंत्र पत्रिका नव्हे. जन्मकुंडलीत नोकरी-धंद्याचं जे काही लिहिलंय ते कामाच्या जागी किती उतरणार आणि कुठल्या वाटेने, एवढंच ती सांगते. मूळ कुंडली बाजूला ठेवून नुसता दशमांश वाचणाऱ्यांना मी आता उत्तरच देत नाही.

पण सगळ्यात जास्त डोकं फिरवणारी चूक म्हणजे दशमांशाच्या लग्नावर डोळे झाकून विश्वास. राशीचे 30 अंश, त्याचे दहा भाग, म्हणजे एक भाग 3 अंशांचा. लग्न साधारण 4 मिनिटांत एक अंश सरकतं, म्हणजे दशमांश लग्न 12 मिनिटांच्या आसपास बदलतं. आणि आपल्याकडे जन्मवेळ कशी सांगतात? "सातची आरती चालू होती बघ."

डिचोलीच्या एका मुलाची पत्रिका त्याची मावशी घेऊन आली होती. हॉस्पिटलच्या कागदावर रात्री 9.20. लग्न वृश्चिक 14 अंश 40 कला. म्हणजे पाचवा भाग, आणि वृश्चिक सम रास असल्यामुळे मोजणी तिच्यापासून नवव्या राशीपासून, म्हणजे कर्केपासून करायची (विषम राशीला त्याच राशीपासून, हातानं मांडणारे इथे हमखास घसरतात). कर्क, सिंह, कन्या, तूळ, वृश्चिक. दशमांश लग्नही वृश्चिकच. आता रवी मेषेत 7 अंश 20 कला, मूळ कुंडलीत उच्चीचा आणि दशमेश, तो दशमांशात जातो मिथुनेत, वृश्चिकेपासून आठवा. आधीच्या ज्योतिषांनी त्यावर शिक्का मारून दिलेला: नोकरी टिकणार नाही, आणि पुरावा काय, तर 2012 मधे खाण बंद पडली तेव्हा याची अकाउंट्समधली नोकरी गेली होती. बघा, जुळलं!

काय जुळलं? 2012 ला गोव्यातल्या सगळ्याच खाणी थांबल्या, ट्रकवाल्यापासून गाडेवाल्यापर्यंत सगळे घरी बसले, त्या सगळ्यांचा रवी काय आठव्यात होता? जी गोष्ट अख्ख्या तालुक्यावर आली तिच्यावरून एकाचं दशमांश लग्न ठरवायचं नसतं. मी म्हटलं, मावशी, फक्त त्याच्याच आयुष्यात घडलेलं सांगा. तर म्हणाली, नंतर त्याने मित्राबरोबर पार्टनरशिपमधे दुकानदारांचे हिशेब आणि टॅक्सचं काम सुरू केलं, आणि ते मस्त चाललंय.

आता गंमत बघा. 15 अंशांची हद्द फक्त 20 कला पुढे, म्हणजे जेमतेम दीड मिनिटावर. जन्म 9.22 चा धरला की दशमांश लग्न धनु. मग तोच रवी सातव्यात. धनु लग्नाच्या दशमात येते कन्या, तिचा मालक बुध. हा बुध मूळ कुंडलीत मीनेत 22 अंशांवर, नीच, म्हणून शाळेपासून त्याला ऐकवलेलं की आकडेमोड तुझ्या नशिबात नाही. मीन सम, मोजणी वृश्चिकेपासून, आठवा भाग, म्हणजे दशमांशात बुध मिथुनेत, स्वराशीत, सातव्यात. पार्टनर, गिऱ्हाईक आणि हिशेब. मी धनु धरलं, तेही पेन्सिलीनेच, कारण एका गोष्टीवर वेळ पक्की होत नाही. बढती, बदली, लाइन बदलणं असं अजून काहीतरी आणि तेव्हाची दशा जुळायला लागते.

एक बघा, लग्न कुठलंही धरा, बुध मिथुनेतच राहिला. एका दशमांशात रवी तीन दिवस असतो, शनी तर सरासरी तीन महिने, फक्त चंद्र पाच-सहा तासांत पुढे जातो. म्हणून वेळ कच्ची असेल तर मी भाव बघतच नाही. मूळ कुंडलीचा दशमेश आणि दशमातले ग्रह दशमांशात कुठल्या राशीत गेले, सुधारले की बिघडले, तेवढंच बघून थांबतो. लोकांना ते कमी वाटतं, त्यांना पगाराचा आकडा हवा असतो.

बाकीच्या चुका किरकोळ. दोन ॲपमधे दशमांश वेगळा आला तर ॲपला शिव्या देण्याआधी सेटिंगमधे अयनांश बघा, लाहिरी आणि रामन यांच्यात जवळजवळ दीड अंशाचा फरक आहे, म्हणजे अर्धा दशमांश तिथेच गेला. दशमांशात दृष्टी बघायची की नाही यावर जाणत्यांचंच एकमत नाही, मी बघत नाही. आणि कृपा करून जुळ्यांच्या पत्रिकेत एकच वेळ टाकून दोघांचं करिअर विचारू नका, दुसऱ्याची वेळ आईला विचारा, तिला बहुतेक आठवते.