फोटोतली गाडी टप्प्याटप्प्याने काढण्याआधीची तयारी

उदाहरण समोर ठेवू. 6000 बाय 4000 पिक्सेलचा फोटो, मागे विटांची भिंत, भिंतीच्या पायथ्याशी फुटपाथ, मग कडेचा दगड, मग डांबरी रस्ता. आणि या सगळ्यासमोर आडवी उभी एक लाल गाडी, साधारण 2200 पिक्सेल रुंद. ती काढायची आहे, फोटोशॉपमध्ये, Content-Aware Fill वापरून. अख्ख्या गाडीभोवती सिलेक्शन करून एकदाच भरलं तर काय होतं ते बहुतेकांनी पाहिलेलं असतं: कडेचा दगड मध्येच विरघळतो, विटा फुटपाथवर उतरतात आणि डांबराचा एक तुकडा भिंतीत जाऊन बसतो. कारण हे साधन चित्रातले छोटे तुकडे उचलून कडांशी जुळतील असे बसवतं. भिंत कुठे संपते हे त्याला ठाऊक नसतं. भोक जेवढं मोठं, तेवढा मधला भाग खऱ्या कडांपासून दूर, आणि तिथे त्याला धरायला काहीच उरत नाही.

मूळ लेयरची कॉपी ठेवा. यावर जास्त बोलायला नको.

सावली विसरू नका. गाडीखालची काळी पट्टी तर दिसतेच, पण रस्त्यावर फूटभर पुढे सरकलेली फिकट सावली आणि भिंतीवर पडलेली लालसर झाकही गाडीचाच भाग आहे. ती राहिली तर गाडी जाते आणि तिचं भूत मागे राहतं.

आता मुख्य गोष्ट. टप्प्याटप्प्याने काढताना प्रत्येक टप्प्यात गाडीचा उरलेला भाग फोटोत असतोच. तुम्ही फक्त बॉनेट निवडलंय, दारं अजून तिथेच आहेत. Content-Aware Fill च्या खिडकीत हिरवा थर दिसतो ना, तो नमुन्याचा भाग. Sampling Area हे Auto वर असेल तर तो थर शेजारच्या दारांवरही पसरू शकतो, आणि मग बॉनेटच्या जागी विटांच्या मधोमध लाल रंगाचा ओघळ येतो, कधी दाराची मूठसुद्धा. एकाच मोठ्या सिलेक्शनमध्ये हा प्रश्न येत नाही, कारण सिलेक्शनच्या आतलं नमुन्यात धरलं जात नाही. म्हणजे ही चूक नीट काम करणाऱ्याच्याच वाट्याला येते! तेव्हा Sampling Brush घ्या, वजाबाकीचं चिन्ह निवडलेलं आहे ना ते बघा, आणि उरलेल्या गाडीवरून, तिच्या सावलीवरून हिरवा थर पुसून काढा. प्रत्येक टप्प्यात. आधीच्या टप्प्यात पुसला होता म्हणून या टप्प्यात पुसलेला असेल असं धरू नका. नवीन सिलेक्शन म्हणजे नवा हिरवा थर.

भरण्याआधी रेषा. गाडीमागून दोन रेषा जातात: कडेच्या दगडाची आणि भिंतीच्या पायथ्याची. या आधी हाताने जोडून घ्यायच्या, Clone Stamp ने. वर नवीन रिकामा लेयर, Sample मध्ये Current & Below. गाडीच्या डावीकडे दगडाच्या धारेवर नेमकं Alt धरून क्लिक करा, मग गाडीच्या आत रंगवत जा. इथे एक हिशोब आहे. नमुना 300 पिक्सेल मागून घेतला असेल तर एका फटक्यात 300 पेक्षा कमीच पुढे जा. त्याहून पुढे गेलात की नमुन्याचा बिंदूच गाडीवर चढतो आणि तुम्ही गाडीवर गाडी छापता. म्हणून छोटे फटके मारा आणि दर वेळी नमुना वेगळ्या जागेवरून घ्या, नाहीतर दगडातली एकच भेग दर 300 पिक्सेलला उगवते. डावीकडून निम्मं आणि उजवीकडून निम्मं भरलं की रेषा मधे भेटायला हव्यात. पाच-सहा पिक्सेलने चुकत असतील तर ओढून जुळवू नका, तिथे गुडघा दिसतो. आधीच वेगळ्या लेयरवर दोन्ही टोकांना जोडणारी बारीक रेघ मारून ठेवा आणि तिच्यावरून चाला. लेन्समुळे दगड किंचित वाकलेला दिसत असेल तर रेघही तेवढीच वाकवा.

रेषा झाल्या की गाडीचे तीन कप्पे पडतात: भिंतीसमोरचा, फुटपाथवरचा, रस्त्यावरचा. आता मदतीच्या रेघेचा लेयर लपवा, Ctrl+Alt+Shift+E दाबून सगळं दिसणारं एका नव्या लेयरवर घ्या आणि पुढचं भरणं त्यावरून करा. हेही दर टप्प्यानंतर, नाहीतर पुढचा टप्पा जुन्याच लेयरकडे बघतो, जिथे गाडी अजून जशीच्या तशी उभी आहे.

रस्त्यापासून सुरुवात करा, तो सर्वांत सोपा. सिलेक्शन कप्प्याच्या तिसऱ्या भागाएवढं, बाहेरच्या कडेकडून, म्हणजे निदान दोन बाजूंना खरं डांबर असेल. चांगल्या भागात पाच-दहा पिक्सेल आत शिरू द्या. नमुन्यात फक्त डांबर ठेवा, बाकी सगळं पुसा. उरलेली गाडीही, हो, पुन्हा. Output To मध्ये New Layer.

भिंतीला वेळ लागतो. Rotation Adaptation हे None वर, Scale आणि Mirror बंद, कारण विटा फिरलेल्या चालत नाहीत आणि उलटलेल्या विटांवर ऊन चुकीच्या बाजूने पडतं. भिंत तिरकी दिसत असेल तर नमुना जवळचाच घ्या. लांबच्या विटा लहान असतात, त्या इथे आणून बसवल्या की भिंतीला पोट येतं. भरून झालं की 100% वर जाऊन विटांमधली आडवी फट डोळ्याने धरून डावीकडून उजवीकडे जा. ती कुठे तुटली किंवा एक थर खाली घसरली तर तेवढाच तुकडा पुन्हा करा. आणि टायरमागचा कोपरा करताना लाल ओघळ आला तर सेटिंग बदलत बसू नका. हिरवा थर बघा. दहापैकी नऊ वेळा तो उरलेल्या टायरवर किंवा फेंडरवर बसलेला असतो.

टप्पे वाढवत नेऊ नका. कप्प्याला दोन-तीन पुरे. भरलेल्यातून पुन्हा भरलं की विटा मऊ होत जातात आणि फोटोचा दाणा जातो.

फुटपाथ रस्त्यासारखाच, फक्त फरशांच्या फटी Clone Stamp ने.

शेवटी: एकसारखे डाग शोधा आणि मोडा. भरलेल्या भागात दाणा कमी वाटला तर तेवढ्यावर थोडा Add Noise. चित्र आडवं उलटवून एकदा बघा, चुकलेली रेघ लगेच दिसते. आणि PSD तशीच, लेयर न मिटवता.