अर्जांचा तक्ता करताना रिकाम्या रकान्याचं आधी सांगा

पंचायतीत आलेल्या अर्जांचा तक्ता एआयकडून करून घेतला, की अर्जात नसलेला वाडा किंवा तारीखही कधीकधी भरलेली दिसते. रकाना आपणच मागितलेला असतो, पण तो रिकामा सोडायची मुभा दिलेली नसते. सूचना अशी लिहा:

```
प्रत्येक अर्जाची एकच ओळ कर.
क्रमांक | वाडा | तक्रार | तारीख
तक्रार: पाणी, रस्ता, कचरा, इतर यांपैकी एक.
माहिती नसेल तर "नोंद नाही" लिही, अंदाज नको.
नमुना: 1 | वरचा वाडा | पाणी | नोंद नाही
```

नमुन्याची ओळ गाळू नका, आणि तिच्यात "नोंद नाही" मुद्दाम ठेवा. नुसत्या सूचनेपेक्षा उदाहरण जास्त पाळलं जातं. एका वेळी दहाएक अर्जच द्या, मग ओळी मोजा. तारखा मात्र मूळ अर्जाशी ताडूनच घ्या. अर्जदाराचं नाव आणि फोन आधीच काढून टाका.