बफर द्रावणाची उदाहरणे सोडवताना या चुका टाळा

जळगावात एम.एस्सी. प्रवेश परीक्षेची तयारी करणाऱ्या विद्यार्थ्यांच्या वह्या तपासताना एक गोष्ट सतत आढळते. हेंडरसन-हॅसेलबाख समीकरण सर्वांना पाठ असते, पण त्यात कोणते आकडे घालायचे, याचा विचार समीकरण लिहून झाल्यावर सुरू होतो. चूक तिथेच होते.

उदाहरण साधे आहे. ०.१० मोलर अ‍ॅसिटिक आम्लाच्या ५० मिलिलिटर द्रावणात ०.१० मोलर सोडियम हायड्रॉक्साइडचे २० मिलिलिटर द्रावण घातले, तर पीएच किती? आम्लासाठी Ka = 1.8 × 10⁻⁵, म्हणजे pKa = 4.74. अनेक जण दोन्ही संहती ०.१० आहेत म्हणून गुणोत्तर १ धरतात आणि ४.७४ लिहून मोकळे होतात. काही जण मिलिमोल काढतात, परंतु आम्लाचे मूळ ५ मिलिमोल तसेच ठेवून २/५ हे गुणोत्तर घेतात, आणि उत्तर ४.३५ येते.

दोन्ही उत्तरे चुकीची आहेत, कारण अल्कली मिसळताच अभिक्रिया जवळजवळ पूर्ण होते, आणि समतोलाचा विचार त्यानंतर उरलेल्या पदार्थांवर करायचा असतो. ५ मिलिमोल आम्लापैकी २ मिलिमोल खर्ची पडले. उरले ३ मिलिमोल आम्ल आणि तयार झाले २ मिलिमोल अ‍ॅसिटेट. दोन्ही एकाच ७० मिलिलिटर द्रावणात असल्याने आकारमान गुणोत्तरातून निघून जाते:

pH = 4.74 + log(2/3) = 4.57

म्हणून वहीत समीकरणाच्या आधी तीन ओळींचा तक्ता हवाच: सुरुवातीचे मिलिमोल, बदल आणि उरलेले मिलिमोल. तो न लिहिता थेट समीकरणाकडे वळणाऱ्या विद्यार्थ्याचे उत्तर बरोबर आले, तरी ते योगायोगाने आले, असे मी समजतो.

हाच तक्ता आणखी एका चुकीपासून वाचवतो. अल्कली ५० मिलिलिटर झाली की आम्ल शून्य उरते आणि समीकरणात भाजक शून्य होतो. हा समतुल्यता बिंदू आहे, येथे बफर उरलेलाच नसतो. १०० मिलिलिटरमध्ये ५ मिलिमोल, म्हणजे ०.०५० मोलर अ‍ॅसिटेट आहे आणि ते दुर्बल आम्लारीप्रमाणे वागते. आकारमान दुप्पट झाल्याचे येथे विसरून चालत नाही, कारण आता गुणोत्तर नव्हे, प्रत्यक्ष संहती लागते. Kb = 5.6 × 10⁻¹⁰ घेतल्यास पीएच ८.७२ येतो. येथे ७ लिहिणाऱ्याने प्रबल आम्लाचा नियम दुर्बल आम्लाला लावलेला असतो.

आता थोडी अवघड बाब, कारण प्रगत उदाहरणसंचात गुण बहुधा येथेच जातात. ०.०१० मोलर क्लोरोअ‍ॅसिटिक आम्लासाठी, Ka = 1.4 × 10⁻³ असताना, x = √(Ka·C) या नेहमीच्या सूत्राने x चे मूल्य ०.००३७ येते आणि पीएच २.४३. परंतु हे x सुरुवातीच्या संहतीच्या ३७ टक्के आहे, म्हणजे C − x च्या जागी C लिहिण्याचा आधारच नाहीसा झाला. वर्गसमीकरण सोडवल्यास x ०.००३१ आणि पीएच २.५१ मिळतो. उत्तर काढून झाल्यावर x ला C ने भागावे आणि ते ५ टक्क्यांपेक्षा जास्त असल्यास सूत्र सोडून वर्गसमीकरणाकडे जावे.

बफर असला की ही तपासणी बहुतेकांच्या मनातही येत नाही. याच आम्लात ०.०१० मोलर सोडियम क्लोरोअ‍ॅसिटेट असेल, म्हणजे दोघांची संहती समान असेल, तर हेंडरसनचे समीकरण pKa इतकाच, २.८५ पीएच देते. परंतु हायड्रोजन आयनांची संहती येथे ०.००१ च्या घरात, म्हणजे बफरच्या घटकांच्या दहाव्या भागाएवढी आहे. त्यामुळे आम्लाच्या विचरणाने आम्ल घटते, आयन वाढतात आणि गुणोत्तर १ राहत नाही:

x(0.010 + x)/(0.010 − x) = 1.4 × 10⁻³

यातून x ०.००११२ आणि पीएच २.९५ येतो. ०.१ चा फरक क्षुल्लक वाटेल, पण पर्यायांमध्ये २.८५ आणि २.९५ दोन्ही दिलेले असतील तर तोच निर्णायक ठरतो. अ‍ॅसिटिक आम्लाच्या वरील उदाहरणात ही अडचण आली नाही, कारण तेथे हायड्रोजन आयन 10⁻⁵ च्या घरात होते आणि घटक हजाराहून अधिक पटींनी जास्त होते.

एक शेवटची बाब प्रयोगशाळेची. पुस्तकातील Ka बहुधा २५ अंश सेल्सिअसचा असतो, आणि मे महिन्यात आमच्याकडे खोलीचे तापमान चाळिशीवर जाते. अ‍ॅसिटेट बफरला त्याने फारसा फरक पडत नाही. ट्रिस बफरचा pKa मात्र दर अंशाला सुमारे ०.०२८ ने उतरतो, त्यामुळे पंधरा अंशांत ०.४ चा फरक पडतो. अशा वेळी कागदावरील गणित आणि मीटर जुळले नाहीत, तर आधी तापमान पाहावे, मग तक्ता.