एक्सचेंजमध्ये अडकलेला शेजारी, आणि चुकीच्या टोकाला बसलेला मी

नोकरीला लागून तीन महिने झाले होते. चांदिवलीचा डेटा सेंटर आणि लोअर परळचं ऑफिस यांच्यात नवी लिंक चढवायची होती, रात्री अकरानंतर. मी चांदिवलीत, सर परळला. पिंग चाललं, मग राउटर एकमेकांना रस्ते सांगतात तो ओएसपीएफ प्रोटोकॉल चालू केला आणि शेजारी राउटरची ही अवस्था दिसली:

```
10.0.0.2  0  EXCHANGE/  -  00:00:36  10.1.1.2  Gi0/0/1
```

FULL काही होईना. साधारण दोन मिनिटांनी `Too many retransmissions` म्हणून शेजारी पडायचा आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू. डेड टायमर मात्र व्यवस्थित भरत होता, म्हणजे हॅलो पोचत होते. मी तासभर एरिया, टायमर, ऑथेंटिकेशन तपासत बसलो. ती मेहनत फुकट होती, कारण त्यात घोळ असता तर गाडी इथवर आलीच नसती.

शेवटी सरांनी विचारलं, "तुझ्याकडे एमटीयू किती रे?" एमटीयू म्हणजे एका पॅकेटमध्ये जास्तीत जास्त किती बाइट जातात तो आकडा; मी 9000 लावला होता. त्यांच्याकडे 1500. त्यांनी परळच्या राउटरवर `debug ip ospf adj` लावलं आणि लगेच ओळ आली: `Nbr 10.0.0.1 has larger interface MTU`.

हॅलोमध्ये एमटीयू नसतो. तो येतो डीबीडी पॅकेटमध्ये, म्हणजे डेटाबेसची यादी देवाणघेवाण करताना. आलेला आकडा आपल्या इंटरफेसपेक्षा मोठा असेल, तर राउटर ते पॅकेट टाकून देतो. लहान आकडा मात्र चालतो. म्हणून पॅकेट फेकलं जातं ते फक्त लहान एमटीयूच्या बाजूला, आणि मी बसलो होतो मोठ्या बाजूला.

परळचा राउटर आयडी मोठा होता, म्हणून मास्टर तोच. त्याचं पहिलं डीबीडी माझ्या राउटरने स्वीकारलं, स्वतः स्लेव्ह झाला आणि एक्सचेंजमध्ये गेला. त्याचं उत्तर परळने फेकून दिलं, त्यामुळे परळ एक्सचेंजच्या आधीच्या पायरीवर, एक्सस्टार्टमध्येच राहिला. माझा आयडी मोठा असता, तर दोघंही एक्सस्टार्टमध्ये अडकले असते. तेव्हा दोन्ही टोकांना वेगळी अवस्था दिसली म्हणून गोंधळू नका.

मी म्हटलं, "परळला `ip ospf mtu-ignore` टाकूया का?" सर म्हणाले, "टाक, आज चालेल. रूट वाढले की रात्री मलाच फोन करशील."

त्याचा हिशेब त्यांनी फोनवरच सांगितला. यादीतली प्रत्येक नोंद 20 बाइटची. आयपीचे 20, ओएसपीएफचे 24 आणि डीबीडीचे 8 बाइट वजा केले, तर 1500 मध्ये 72 नोंदी बसतात. आमच्याकडे तेव्हा तीसेक होत्या. त्या 72 च्या वर गेल्यावर माझा राउटर 1500 पेक्षा मोठं डीबीडी पाठवू शकतो. ते वाटेतच गळालं, की पुन्हा एक्सचेंजमध्येच अडकायचं, आणि या वेळी डीबगमध्ये एमटीयूची ओळसुद्धा येणार नाही.

लिंक 1500 चीच होती, म्हणून माझ्या बाजूने इंटरफेसवर `ip mtu 1500` टाकलं. काही सेकंदांत FULL झालं. पहिली लोकल सुटायला मात्र अजून बराच वेळ होता.