पीक विरळ असताना एनडीव्हीआयने दिलेला चकवा

पीक-नकाशांच्या कामाला लागलो, त्या पहिल्याच हंगामात मी एक चुकीचा अहवाल दिला. रोपांनी जेमतेम पाव जमीन झाकली होती, बाकी सगळी उघडी माती. पाच दिवसांच्या अंतराने आलेल्या दोन उपग्रहचित्रांत एनडीव्हीआय, म्हणजे पिकाचा हिरवेपणा दाखवणारा निर्देशांक, ०.२८ वरून ०.३९ वर गेलेला दिसला आणि 'वाढ जोमदार' असं लिहून मी मोकळा झालो. शेतात जाऊन पाहिलं तर रोपं होती तेवढीच. मधे पाऊस पडून गेला होता, एवढंच.

गोम आकड्यांतच होती. कोरडी माती असताना त्या पिक्सेलचं लाल पट्ट्यातलं परावर्तन ०.१९ आणि निअर इन्फ्रारेडमधलं ०.३३५ होतं. माती भिजून काळवंडल्यावर तेच ०.१० आणि ०.२३ झालं. म्हणजे दोघांमधला फरक ०.१४५ वरून ०.१३ असा किंचित घटलाच. पण एनडीव्हीआयमध्ये हा फरक दोघांच्या बेरजेने भागतात, आणि ती बेरीज ०.५२५ वरून ०.३३ वर घसरली. छेद आक्रसला म्हणून भागाकार फुगला. पिकाचा त्यात काही हात नव्हता.

ह्यूट यांनी १९८८ मध्ये मांडलेला सावी निर्देशांक नेमका हा छेद सावरतो. त्यात L हा स्थिरांक मिळवतात, सहसा ०.५:

```
SAVI = (NIR - RED) * (1 + L) / (NIR + RED + L)
```

याच दोन चित्रांवर सावी ०.२१२ आणि ०.२३५ येतो. मातीचा परिणाम पुसला जात नाही, पण 'जोमदार वाढ' लिहायचा मोह नक्कीच होत नाही.

सूत्र हाती आल्यावर मी पुन्हा तोंडावर आपटलो. सेंटिनेल-२ उपग्रहाच्या फाइलीत परावर्तन १०,००० ने गुणून साठवलेलं असतं. मी `B4` आणि `B8`, म्हणजे लाल आणि निअर इन्फ्रारेड पट्ट्यांचे कच्चे आकडेच सूत्रात घातले. ५,२५० मध्ये ०.५ मिळवून काय होणार? नकाशा छान दिसत होता, पण तो निव्वळ दीडपट एनडीव्हीआय होता. म्हणून सावीला एनडीव्हीआयने भागून बघायची सवय लावून घ्या. सगळीकडे १.५ आलं, तर समजा L कामच करत नाहीये. २०२२ च्या जानेवारीपासूनच्या चित्रांत तर १०,००० ने भागण्याआधी १,००० वजाही करावे लागतात. तुमच्या स्रोताने ते आधीच केलंय का, एवढं तपासा, नाहीतर दोनदा वजा व्हायचे.

एनडीव्हीआयचे उंबरठे सावीला लावू नका, दोघांची मोजपट्टी वेगळी आहे. पीक दाटलं की L ची गरज उरत नाही, मी तेव्हा एनडीव्हीआयकडे परततो. डोंगरउतारावर मात्र सावी जपून वापरतो. सावलीत दोन्ही पट्टे साधारण एकाच प्रमाणात मंदावतात आणि एनडीव्हीआयच्या भागाकारात ते बरंचसं कटून जातं. सावीत L तसाच राहतो, म्हणून सावलीतलं पीक आहे त्याहून विरळ दिसतं.