आई, शेजारच्या आजींशी बोलताना

ती. आईस, सा. नमस्कार.

लिस्बनला येण्याआधी इथल्या शेजारच्या आजींची तीन पोर्तुगीज वाक्यं लक्षात ठेव. दार उघडताच त्या म्हणतील ‘श्तेझा आ व्होंताद’, म्हणजे संकोच नको, घर आपलंच समजा. गुडघेदुखीचं कळलं की ‘अझ मल्योराश’, लवकर बरं वाटू दे.

‘ए सर्विदा?’ मात्र नीट ऐक. त्या जेवत असताना तू गेलीस तर असं विचारतील. आपल्या ‘या जेवायला’सारखंच ते. लगेच ताटावर बसायचं नसतं. ‘ओब्रिगादा, बों प्रोव्हेइतु’ म्हणायचं, म्हणजे आभार, सावकाश जेवा. पुरुष ‘ओब्रिगादु’ म्हणतात, त्यामुळे माझं ऐकून तसं म्हणू नकोस. त्यांनी पुन्हा आग्रह केला, तर खुशाल बस.

तुझा बाळ